‘चूक की बरोबर’ चाचणी: पाय मोजताना होणाऱ्या या चुका टाळा

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असणाऱ्या प्राण्यांवर दहा विधानांची ‘चूक की बरोबर’ चाचणी घेते. कीटक, कोळी आणि खेकडा-कोळंबीसारखे कवचधारी प्राणी यांच्यातला फरक पायांवरून आणि शरीराच्या भागांवरून ओळखायचा, एवढाच विषय. पहिल्या वर्षी त्यात एक विधान होतं, ‘खेकड्याला आठ पाय असतात.’ माझ्याजवळच्या उत्तरांत ते ‘चूक’ होतं, कारण खेकड्याला दहा पाय. एका मुलीने ‘बरोबर’ लिहिलं आणि मार्क गेल्यावर वही घेऊन माझ्याकडे आली. “बाई, पाय आठच आहेत. पुढच्या दोन नांग्या आहेत, त्यांनी तो चालत नाही.”

तिने घरी खेकडे साफ होताना पाहिले होते आणि जे पाहिलं तेच लिहिलं होतं. पाय कशाला म्हणायचं हे मात्र मी वर्गात सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी विधानं लिहिण्याआधी हा प्रश्न सोडवते, कारण या चाचणीतले बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक: ‘ज्याने चालतो तो पाय’

हा नियम मुलांना देऊ नका. खेकडा उलटा करून पाहा. छातीच्या कडेने पाच जोड्या एका ओळीत निघालेल्या दिसतात आणि नांग्या ही त्या ओळीतली पहिली जोडी असते. तिचं काम पकडण्याचं झालं, तरी जागा पायाचीच आहे. म्हणून ती मोजायची आणि पाय दहा. समुद्रातल्या पोहणाऱ्या खेकड्यांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, तीही याच दहांत येते.

आता विंचू घ्या. त्यालाही पुढे दोन जाड नांग्या असतात आणि मुलं खेकड्याचा नियम लावून त्याचेही दहा पाय मोजतात. इथे उत्तर आठ. विंचवाच्या नांग्या तोंडाच्या बाजूने निघतात आणि पायांच्या चार जोड्या त्यांच्या मागे असतात. तोच अवयव कोळ्यामध्ये लहान होऊन तोंडाशी राहिलेला असतो. आखूड पायासारख्या दिसणाऱ्या त्या दोन अवयवांना मी वर्गात ‘तोंडाजवळचे हात’ म्हणते. नर कोळ्यात त्यांची टोकं फुगीर असतात, त्यामुळे ते चटकन दिसतात आणि चटकन चुकीचेही मोजले जातात. कोळ्याला ‘दहा पाय’ लिहिणारं मूल बहुधा हेच मोजत असतं. तेव्हा त्याला नुसतं ‘चूक’ म्हणू नका. तोंडापासून मागे यायला सांगा आणि पायांची पहिली लांब जोडी कुठे आहे ते विचारा.

उलट बाजूची गडबडही होते. घरात भिंतीवर दिसणाऱ्या मोठ्या कोळ्याचा एखादा पाय तुटलेला असतो आणि मूल प्रामाणिकपणे सात लिहितं. एकाच प्राण्यावर आकडा ठरवू नका. दुसऱ्या बाजूचे पाय मोजले की चार भरतात.

कोळंबीचे वीस पाय

सगळ्यांत जास्त गोंधळ कोळंबीवर होतो आणि सगळ्यांत जास्त शिकायलाही तिच्यावरच मिळतं, म्हणून मी तिला पूर्ण तास देते. बाजारातून न सोललेली, डोक्यासकट मोठी कोळंबी आणायची, चार मुलांत एक. पांढऱ्या बशीत बुडेल एवढं पाणी घालून ती त्यात ठेवायची. कोरड्या बशीत पाय एकमेकांना चिकटून गुच्छ होतो, पाण्यात ते सुटे होतात. हाताशी एक टूथपिक असली की पुरे.

गेल्या वेळी एका गटाचं उत्तर वीस आलं, दुसऱ्याचं सव्वीस, तिसऱ्याचं दहा. वीस म्हणणाऱ्यांनी पोटाखालचे अवयवही धरले होते. सव्वीस म्हणणाऱ्यांनी त्याशिवाय तोंडाजवळ दुमडलेल्या तीन जोड्या धरल्या होत्या. त्या जोड्या अन्न तोंडाकडे नेतात. मोजणी कोणाचीच चुकलेली नव्हती, त्यांनी प्रत्येक अवयव खरोखर पाहिला होता.

मग आम्ही पुन्हा पाहिलं. वरचं मोठं सलग कवच जिथपर्यंत आहे, तो डोकं आणि छाती मिळून झालेला भाग, म्हणजे शिरोवक्ष. त्याच्या खालून बारीक, लांब, सांधे असलेल्या पाच जोड्या निघतात. हे चालायचे पाय, दहा. टूथपिकने पुढच्या तीन जोड्यांची टोकं हलवली की त्यांना इवल्या नांग्या दिसतात, आणि मुलं इथे नेहमी ओरडतात, कारण ताटातल्या कोळंबीला नांग्या असतात हे कोणी पाहिलेलंच नसतं. त्याच्या मागे कड्याकड्यांचं पोट. पोटाखालीही पाच जोड्या आहेत, पण त्या चपट्या, टोकाला दुभंगलेल्या आणि कडेने केसाळ असतात. ती पोहायची वल्ही आहेत. टूथपिक त्यांवरून पुढेमागे फिरवली की ती एका लयीत हलतात आणि मुलांना त्यांचं काम सांगावं लागत नाही.

म्हणून आता माझ्या चाचणीत ‘कोळंबीला दहा पाय असतात’ असं विधान नसतं. मी लिहिते, ‘कोळंबीच्या शिरोवक्षाला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात.’ विधान लांबतं, पण वाद उरत नाही. बाजारातल्या कोळंबीचे पाय तुटलेले असतात हेही लक्षात ठेवा. पाय दिसला नाही तर तो जिथून निघतो ती खोबण मोजायला सांगा.

शरीराचे भाग वरून मोजू नका

कीटकाच्या शरीराचे तीन भाग, डोकं, छाती आणि पोट. कोळ्याचे दोन. हे पाठ झालेलं मूल कोळंबीकडे पाहून ‘दोन भाग, म्हणजे कोळ्याचा नातलग’ असं लिहितं. ‘शरीराचे दोन भाग असलेला प्राणी कोळीच असतो’ हे विधान म्हणूनच चाचणीत अवश्य ठेवा, उत्तर ‘चूक’. शिरोवक्ष आणि पोट अशी रचना कोळंबीतही आहे.

दुसरा घोळ झुरळावर. वरून पाहिलं की पुढे एक ढालीसारखा भाग आणि मागे पंख दिसतात, डोकं ढालीखाली लपलेलं असतं. मुलं दोन भाग लिहितात. मेलेलं झुरळ उलटं केलं की डोकं दिसतं आणि सहाही पाय मधल्या छातीवरून निघालेले दिसतात, पोटाला एकही पाय नाही. खेकड्याचं पोट तर छातीखाली दुमडून घट्ट बसलेलं असतं, मादीत रुंद, नरात निमुळतं. ते बोटाने उघडून दाखवल्याशिवाय खेकड्याचं शरीर एकसंध डबीच वाटतं. भाग मोजायचे असतील तर प्राणी उलटा करायचा, एवढी एक सवय लावली की ही चूक मला पुन्हा फारशी दिसत नाही.

उलटं केलेलं विधान

‘कीटकाला सहा पाय असतात’ हे बरोबर. ‘ज्याला सहा पाय असतात तो कीटकच’ हे चूक. गोचिडीच्या अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, पुढच्या अवस्थेत आठ होतात, आणि गोचीड कोळ्यांच्या वर्गातली, अष्टपाद. विधान लिहिताना ‘च’ आणि ‘सर्व’ हे शब्द नीट तपासा. ‘सर्व कवचधारी प्राण्यांना दहा पाय असतात’ हेही चूक. ओलसर जागेतली कुंडी उचलली की तिच्याखाली राखाडी, चपटे, लंबगोल जीव पळतात, त्यांतल्या काही जाती अंगाची गोळी करतात. ते जमिनीवरचे कवचधारी, आणि त्यांना चौदा पाय असतात. वाणी, म्हणजे पैसाही असाच गुंडाळतो, पण त्याचं अंग लांब असतं आणि बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. तो या तिन्ही गटांत येत नाही. ‘कवचधारी’ या नावामुळे मुलं गोगलगायही इथेच टाकतात. तिला सांध्यांचे पायच नाहीत, तेव्हा ती संधिपाद नव्हे.

सुरवंटाचं विधान द्यायचं असेल तर शब्द जपा. त्याला पुढे छातीवर सहा खरे, सांध्यांचे पाय असतात. मागे पोटाखाली दिसतात ते मांसल, बिनसांध्याचे आधार असतात. ‘सुरवंटाला सहापेक्षा जास्त पाय असतात’ असं लिहिलं तर दोन्ही उत्तरं पटवून देता येतात. ‘खरे पाय’ लिहा. रुईवर येणाऱ्या केशरी फुलपाखराचं चित्रही जपून वापरा. त्याची पुढची जोडी इतकी लहान, छातीशी दुमडलेली असते की बसलेलं असताना चारच पाय दिसतात.

एका विधानात दोन गोष्टी कोंबणं हीदेखील चूकच. ‘मुंगीला सहा पाय आणि दोन पंख असतात’ यात मुलाने काय ओळखलं ते आपल्याला कळत नाही. शिवाय दोनच पर्याय असल्यामुळे डोळे मिटून लिहिलं तरी दहात सरासरी पाच बरोबर येतात. मी उत्तराला एक मार्क देते आणि ‘कोणती खूण पाहिली?’ या ओळीला दुसरा.

पाय फसवतात तेव्हा मिशा

मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, चाचणीतून वगळू नका. कीटकाला एक जोडी, कोळ्याला एकही नाही, कवचधाऱ्यांना दोन जोड्या. कोळंबीच्या लांब मिशा सगळ्यांना माहीत असतात, आखूड, दुभंगलेली दुसरी जोडी बशीतल्या पाण्यात शोधावी लागते. कुंडीखालच्या जीवात ही दुसरी जोडी इतकी बारीक असते की भिंगाशिवाय तिच्यावर प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे.

माझ्या चाचणीतलं शेवटचं विधान एका चित्राखाली असतं. आंब्याची पानं शिवून घरटी करणारे लाल मुंगळे, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्यांच्यासारखा हुबेहूब दिसणारा एक उड्या मारणारा कोळी त्याच झाडांवर सापडतो. त्याची कंबर बारीक, रंग तोच, आणि पुढचे दोन पाय तो वर उचलून मिशांसारखे हलवतो. ‘या प्राण्याला मिशांची एक जोडी आहे.’ वर्गातली बहुतेक मुलं ‘बरोबर’ लिहितात. मग मी मिशांची मुळं बघायला सांगते. मुंगीच्या मिशा डोक्यावरून निघतात. या दोन ‘मिशा’ मागून, उरलेल्या सहा पायांच्याच ओळीतून निघालेल्या असतात. एका वर्षी एका मुलाने पेन्सिलीने चित्रातल्या प्रत्येक पायाच्या मुळाशी ठिपका दिला, आठ ठिपके मोजले आणि आपलं ‘बरोबर’ स्वतःच खोडलं.