विमानतळावर डॉलर मोडताना हातात किती रुपये पडतील, हे आधीच कसं काढावं

विमानातून उतरल्यावर सर्वांत आधी फोनवर डॉलरचा त्या दिवसाचा बाजारभाव पाहून ठेवा. काउंटर हा भाव देणार नाही, पण तुलनेला तोच लागतो. पासपोर्ट हाताशी ठेवा. नाणी घेत नाहीत, ती बाजूला काढा.

आता बोर्ड. खरी गफलत इथेच होते, म्हणून इथे घाई करू नका. बोर्डावर प्रत्येक चलनासमोर दोन आकडे असतात, एक ‘बाय’चा आणि एक ‘सेल’चा. हे शब्द काउंटरच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्ही डॉलर विकता म्हणजे काउंटर ते विकत घेतो, त्यामुळे तुम्हाला ‘बाय’खालचा आकडा लागू होतो. दोन्हींतला लहान आकडा तुमचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मोठा आकडा पाहून मनात हिशेब करत रांगेत उभी राहिलेली माणसं मला नेहमी दिसतात आणि खिडकीशी पोचल्यावर त्यांचा चेहरा उतरतो.

समजा बाजारभाव ८४ रुपये आहे आणि बोर्डावर बाय ७८, सेल ९० लिहिलंय. दोन्हींमधलं अंतर १२ रुपयांचं. त्यातले सहा तुमच्या खिशातून जातात, उरलेले सहा रुपये काउंटरकडून डॉलर विकत घेणाऱ्या प्रवाशाच्या. तुम्ही ५०० डॉलर दिलेत तर ७८ च्या भावाने ३९,००० रुपये होतात. बाजारभावाने ४२,००० झाले असते. म्हणजे कोणी चार्ज हा शब्द उच्चारण्याआधीच ३,००० रुपये गेले.

यानंतर वजावट सुरू होते. समजा सर्व्हिस चार्ज २५० रुपये आहे, त्यावर १८% जीएसटीचे ४५. शिवाय चलन बदलण्याच्या व्यवहारावरही जीएसटी असतो. एक लाखापर्यंतच्या रकमेला तो साधारणपणे असा काढतात: रकमेचा १%, पण किमान २५० रुपये, आणि त्यावर १८%. आपल्या ३९,००० चा १% म्हणजे ३९०, त्यावर कर ७० रुपये २० पैसे. सगळं वजा जाता हातात ३८,६३४ रुपये ८० पैसे. याला ५०० ने भागा. डॉलरमागे ७७ रुपये २७ पैसे पडले. हाच तुमचा खरा भाव, आणि दोन काउंटरांची तुलना करायची ती फक्त याच आकड्यावर.

‘झिरो कमिशन’ची पाटी पाहून भुलू नका, असं मी प्रत्येकाला बजावून सांगतो. वरच्या हिशेबात कमिशन पूर्ण माफ झालं तरी वाचतात फक्त २९५ रुपये. भावातले ३,००० तसेच जातात. कमिशन घेणारा पण ८० चा भाव देणारा शेजारचा काउंटर तुम्हाला जास्त रुपये देईल.

रक्कम लहान असली की चित्र पालटतं. त्याच काउंटरवर ५० डॉलर दिले तर ३,९०० रुपये होतात. चार्ज तेच २५०, त्यावर ४५, आणि किमान मर्यादेमुळे व्यवहारावरचा करही ४५. हातात ३,५६०, म्हणजे डॉलरमागे ७१ रुपये २० पैसे. इथे मात्र चार्ज माफ आहे का, हे नक्की पाहा. आणि थोडे थोडे करून दोनदा मोडू नका, किमान कर दोनदा भरावा लागतो.

खिडकीशी भाव विचारूच नका. नोटा पुढे सरकवण्याआधी एकच प्रश्न विचारा: “पाचशे डॉलरचे सगळं कापून हातात किती देणार?” आकडा कागदावर लिहून मागा. रक्कम मोठी असेल तर भाव वाढवून मागायला लाजू नका. बोर्डावरचा भाव अनेकदा थोडा सरकतो. सांगायला टाळाटाळ झाली तर सरळ निघा.

निघून जाणं परवडतं, कारण विमानतळावरच मोडायची सक्ती नाही. भारतात राहणाऱ्याला परदेशातून परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावरचे १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्यायचे असतात. टॅक्सीपुरते रुपये एटीएममधून काढा आणि डॉलर गावात चार ठिकाणी विचारून मोडा. रस्त्यावर चढा भाव सांगणाऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका.

तिथेच मोडायचे ठरले तर खिडकीसमोरच नोटा मोजा आणि पावतीवरचा भाव, चार्ज, कर तपासा. परदेशातून पाहुणे आले असतील तर त्यांना एनकॅशमेंट सर्टिफिकेट मागून घ्यायला सांगा. परत जाताना उरलेले रुपये पुन्हा डॉलरमध्ये बदलायला ते दाखवावं लागतं.