महामृत्युंजय मंत्राचा अर्थ लावताना या चुका टाळा

महामृत्युंजय मंत्राचा मराठी अर्थ शोधला की बहुतेक ठिकाणी साधारण एकच वाक्य सापडतं: "हे त्रिनेत्रधारी शंकरा, आम्हाला मृत्यूच्या बंधनातून सोडव आणि अमरत्व दे." भाव चांगला आहे. पण मंत्रात 'आम्हाला' नाही, 'सोडव' नाही आणि 'दे' तर कुठेच नाही. बंधनसुद्धा मृत्यूचं नाही. मूळ ओळी अशा:

त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पुष्टिवर्धनम् ।
उर्वारुकमिव बन्धनान्मृत्योर्मुक्षीय मामृतात् ॥

ऋग्वेदात ही ऋचा सातव्या मंडलाच्या 59व्या सूक्तात शेवटी, बाराव्या क्रमांकाला येते. ऋषी वसिष्ठ. सूक्त मरुतांचं, फक्त ही ऋचा रुद्राची. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ केला, म्हणजे संधी सोडवून प्रत्येक शब्द सुटा करून दाखवला, तेव्हा सहा ऋचा तशाच ठेवल्या. त्यांतली ही एक. त्यामुळे शब्द कुठे तोडायचे याचा घोळ होतो यात नवल नाही. सगळ्यात मोठा घोळ शेवटच्या शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

'मामृतात्' कुठे तोडता?

चालीवर म्हणताना बरेच जण 'मुक्षीयमा' एका दमात म्हणून मग 'मृतात्' म्हणतात. कानाला ठीक लागतं, पण अर्थ भलताच होतो. 'मृतात्' म्हणजे मेलेल्यापासून. तोडायचं ते असं: मुक्षीय, मा, अमृतात्. 'मा'चा आ आणि 'अमृतात्'चा अ एकमेकांत मिसळून 'मामृतात्' झालं आहे. काही पुस्तकांत 'माऽमृतात्' असं छापतात. ते चिन्ह उच्चारायचं नसतं. इथे एक अ दडला आहे एवढंच ते वाचणाऱ्याला सांगतं.

दुसरी चूक अर्थाची. 'मा' म्हणजे 'मला' असं धरून "मला अमृताकडे ने" असा अर्थ सांगितला जातो. संस्कृतात 'मला' या अर्थाचा 'मा' आहे हे खरं. पण 'अमृतात्' ही पंचमी आहे: अमृतापासून, अमृतातून. 'कडे' त्यात बसत नाही. आणि 'मुक्षीय' म्हणजे 'मी सुटावं'. कर्ता मीच असल्यावर वर आणखी 'मला' कशाला? हा 'मा' म्हणजे 'नको', आणि एकच क्रियापद दोन्हीकडे लागतं: मृत्यूपासून मी सुटावं, अमृतापासून नको.

ज्यांच्याकडे स्वरांसकट छापलेली संहिता आहे त्यांना हे डोळ्यांनी तपासता येईल. शेवटचा चरण तिथे असा दिसतो:

मृ॒त्योर्मु॑क्षीय॒ मामृता॑त्

आडवी रेघ 'य'च्या खाली आहे, 'मा'च्या खाली काही नाही. अशी रेघ उदात्त, म्हणजे उंच स्वरात म्हणायच्या अक्षराच्या आधीच्या अक्षराखाली येते, म्हणजे इथे 'मा' उदात्त आहे. 'मला' या अर्थाचा 'मा' कधीच उदात्त नसतो. तो असता तर रेघ 'मा'खाली आली असती. 'ता'च्या डोक्यावरची उभी रेघही बघा: तिच्या आधीचा 'मृ' उदात्त आहे, आणि हा 'अमृत' शब्दाचा स्वर. 'मृत' शब्दात जोर 'त'वर असतो. म्हणजे 'मृतात्' अशी तोड का चालत नाही, तेही इथेच दिसतं.

जुन्या भाष्यांत आणखी एक तोड सापडते: मा, आ, अमृतात्, म्हणजे 'मला अमृतापर्यंत'. तिला स्वर आड येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिला आड येतो तो या मंत्राचा जोडमंत्र.

जोडमंत्र न वाचता अर्थ लावणं

शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत तिसऱ्या अध्यायात 60व्या क्रमांकाला हा मंत्र आहे, आणि त्याला लागूनच त्याचा जुळा:

त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम् ।
उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः ॥

'पुष्टिवर्धनम्'च्या जागी 'पतिवेदनम्', म्हणजे नवरा मिळवून देणारा. 'मृत्योः'च्या जागी 'इतः', इथून. 'अमृतात्'च्या जागी 'अमुतः', तिथून. हा मंत्र लग्नाच्या वयाच्या मुलींचा.

हे दोन मंत्र कुठे म्हणायचे, तेही शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी समजावणाऱ्या ग्रंथात सविस्तर आहे. चातुर्मास्य यज्ञांतल्या साकमेध पर्वाच्या शेवटी त्र्यंबकहोम असतो. तो गावाबाहेर चौरस्त्यावर करतात. होमानंतर यजमानाकडची माणसं डाव्या मांडीवर थापट्या मारत अग्नीला तीन उलट्या फेऱ्या घालतात आणि आपला नेहमीचा मंत्र म्हणतात. मग उजव्या मांडीवर थापट्या मारत तीन सुलट फेऱ्या. या फेऱ्यांत मुलीही असतात, आणि त्यांच्या तोंडी जुळा मंत्र. शेवटी उरलेले पुरोडाश, म्हणजे होमाच्या भाकऱ्या, टोपल्यांत बांधून झाडाला, खुंटाला नाहीतर बांबूला लटकवायचे आणि रुद्राला सांगायचं: ही तुझी शिदोरी, घे आणि मूजवत डोंगरापलीकडे जा. दवाखान्याच्या खाटेशेजारी हळू आवाजात ऐकलेल्या या मंत्राचं मूळ घर असं उघड्यावरचं, गलबल्याचं आहे.

मुलींच्या मंत्राचा अर्थ ब्राह्मणग्रंथ स्वतःच सांगतो: 'इतः' म्हणजे माहेरच्या माणसांपासून, 'अमुतः' म्हणजे नवऱ्याकडून. मुलगी म्हणते, इथून सुटावं, तिथून नको. इथे 'मा'चा अर्थ 'नको' सोडून दुसरा काही होतच नाही. "मला तिथून सोडव" असं कुठली मुलगी मागेल? एकाच साच्यातले दोन मंत्र, एकाच फेरीत म्हटलेले. एकातला 'मा' नकाराचा असेल तर दुसऱ्यातलाही तोच. अर्थावरून वाद झाला की मी आधी हा जुळा मंत्र समोर ठेवतो, व्याकरण नंतर.

मग 'अमृत' म्हणजे काय? मोक्ष, सायुज्य असे अर्थ पुढच्या भाष्यांनी केले आहेत. शतपथात मात्र दुसऱ्या एका ठिकाणी म्हटलंय की माणसाने पूर्ण आयुष्य जगणं हेच त्याचं अमृतत्व. आजारी माणसासाठी जप करणाऱ्यांना हा अर्थ जवळचा वाटेल.

बंधन मृत्यूला जोडणं

'मृत्यूच्या बंधनातून' हे भाषांतर इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. 'मृत्योः' हे रूप षष्ठीचंही असतं आणि पंचमीचंही, त्यामुळे फसायला होतं. इथेही जुळा मंत्र सोडवणूक करतो. तिथे त्या जागी 'इतः' आहे, आणि त्याचा अर्थ 'इथला' होत नाही, 'इथून' एवढाच होतो. म्हणजे 'मृत्योः'सुद्धा मृत्यूपासून, आणि 'बन्धनात्' राहिलं फळाच्या वाट्याला. चरणही तिथेच संपतो: उर्वारुकम् इव बन्धनात्. फळ जसं बंधनातून.

फळाचं बंधन म्हणजे देठ. शुक्ल यजुर्वेदाचा भाष्यकार महीधर हेच सांगतो: अगदी पिकलेलं फळ आपल्या देठातून सुटतं, तसं.

इथे 'काकडी' या भाषांतराने एक गोंधळ होतो. आपल्या डोळ्यांपुढे कोशिंबिरीची हिरवी काकडी येते. ती कोवळी असतानाच पिळून किंवा कापून काढतात, आपणहून सुटत नाही. उर्वारुक म्हणजे काकडीच्या कुळातलं फळ, पण चित्र पूर्ण पिकलेल्या फळाचं आहे. खरबुजाचा वेल पाहिलाय त्यांना ते लगेच कळेल. फळ पिकत आलं की देठ फळाला चिकटतो तिथे बारीक गोल चीर पडते, वास सुटतो, आणि अंगठ्याने जरा रेटलं की फळ हातात येतं. वेलाला जखम नाही. कच्चं असताना ओढलं तर देठाचा तुकडा फळालाच राहतो. अकाली मरण म्हणजे कच्चं तोडलेलं फळ, असं कीर्तनात ऐकायला छान वाटतं, पण मंत्र तसं म्हणत नाही. सुटायचंय ते मृत्यूपासून, आणि ते पिकलेल्या फळासारखं सहज, एवढंच तो म्हणतो.

आम्ही आणि मी

'यजामहे' अनेकवचन: आम्ही यजन करतो. 'मुक्षीय' एकवचन: मी सुटावं. पूजा सगळ्यांची, मागणं ज्याचं त्याचं. त्र्यंबकाला उद्देशून आज्ञार्थ एकही नाही. त्याचं नाव द्वितीयेत आहे, संबोधनात नाही, म्हणून "हे त्र्यंबका" हेही भाषांतरकाराने घातलेलं.

यातून एक व्यावहारिक शंका निघते. दुसऱ्यासाठी जप करायचा तर 'मुक्षीय' बदलायचं का? बदलायचं नाही. कोणासाठी जप ते संकल्पात नाव-गोत्र घेऊन सांगतात. मंत्राचे शब्द तसेच राहतात.

उरलेलं थोडक्यात

'सुगन्धिम्' आणि 'पुष्टिवर्धनम्' ही दोन्ही त्र्यंबकाची विशेषणं: सुवासिक, पोषण वाढवणारा. 'त्र्यंबक' म्हणजे त्रिनेत्र हा रूढ अर्थ घ्यायला हरकत नाही. शतपथ मात्र हे नाव रुद्राच्या अंबिका नावाच्या बहिणीशी जोडतो, कारण या होमात तिचाही वाटा असतो.

'बन्धनान्' लिहायचं की 'बन्धनात्'? पुढे 'मृत्योः' जोडून म्हणत असाल तर 'बन्धनान्', कारण पुढच्या म मुळे त चा न होतो. तिथे श्वास घेणार असाल तर 'बन्धनात्' म्हणून थांबा. 'बन्धनान्' म्हणून थांबणं हे धड इकडचं नाही, तिकडचं नाही.

अक्षरं मोजणाऱ्यांसाठी: छंद अनुष्टुभ, म्हणजे आठाचे चार चरण. लिहिल्याप्रमाणे मोजलं तर 7, 8, 9, 8 भरतात. पहिला चरण 'त्रियम्बकं' असा मोकळा म्हटला की आठ होतो, तिसऱ्यात 'इव'चा इ गिळला की आठ. बेरीज दोन्हीकडे 32च येते. 33 अक्षरं म्हणजे 33 देव, असा जो हिशेब फिरतो तो बहुधा पुढचा ॐ धरून केलेला असतो, आणि ॐ ऋचेचा भाग नाही.