आयकराची थकबाकी हप्त्यांत: माझा अनुभव

म्हापशात माझी लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायची. ऐन जूनमध्ये ४,८०,००० रुपयांची डिमांड नोटीस आली. कर मान्य होता, पण पावसाळ्यात काम निम्म्यावर येतं आणि हॉटेलांकडची बिलं अडकतात.

आयकर कायदा १९६१ च्या कलम २२०(३) खाली हप्ते मागता येतात, पण अर्ज नोटिशीच्या ३० दिवसांच्या मुदतीतच द्यावा लागतो. मी आधी ८०,००० भरले, चलन जोडलं आणि उरलेल्या चार लाखांसाठी दर १० तारखेला ५०,००० असे आठ हप्ते मागितले. नुसतं ‘अडचण आहे’ लिहिलं नाही. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कोणत्या हॉटेलाकडून किती येणं आहे त्याची यादी आणि महिनावार जमाखर्चाचा अंदाज दिला. आयकर अधिकाऱ्यांनी यादीवरच बोट ठेवून विचारलं, "हे पैसे कधी येणार?" हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणून शेवटचे चार हप्ते थोडे वाढवून सुरुवातीचे कमी केले. मग लेखी आदेश मिळाला.

नोटिशीच्या मुदतीनंतर उरलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याज मात्र लागतंच. आणि एक हप्ता चुकला तर सगळी बाकी त्याच दिवशी देय होते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता मागा.