झीझी पिवळा पडला म्हणून पाणी वाढवताय? आधी कंद बघा

झीझीचा दांडा बुडातून पिवळा पडला की बरेच जण त्याला आणखी तांब्याभर पाणी घालतात. झाड मरतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या तांब्याने.

मातीखाली झीझीला बटाट्यासारखे कंद असतात. मूळचं हे झाड पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं. पाऊस नसेल तेव्हा ते कंदातल्या साठ्यावर जगतं. हा साठाच आपल्याला फसवतो. खाली मुळं सडली तरी वरची पानं बरेच दिवस चकचकीत राहतात, त्यामुळे आज दिसणारा पिवळेपणा हा काही आठवड्यांपूर्वीच्या पाण्याचा हिशोब असतो. शिवाय सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाडही तहानल्यासारखं मान टाकतं.

सांगलीत विश्रामबागच्या एका फ्लॅटमधली कुंडी बघा. बिनभोकाची, आठ इंची, चिनी मातीची. आत मळ्यातली काळी माती, कारण "उसाला चालते ती झाडाला का नाही चालणार". पाणी एक दिवसाआड एक पेला. जुलैचा महिना, खिडक्या बंद, हवा दमट. नऊ दांड्यांपैकी तीन पिवळे पडले, तेव्हा पाणी रोज सुरू झालं आणि वर चमचाभर युरियाही पडला. युरियाबद्दल न बोललेलंच बरं.

पिवळा दांडा हलका ओढला तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा हातात आला. बुडाशी तपकिरी, लिबलिबीत. मातीला तुंबलेल्या गटाराचा वास. मुळं चिमटीत धरली की साल निसटून नुसता दोरा उरत होता. चार कंदांपैकी एक दाबताच फुटला, एक अर्धा मऊ, दोन टणक. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ओली असताना तिच्यात हवा खेळत नाही. मळ्यात खाली निचऱ्याला जागा असते. बिनभोकाच्या कुंडीत पाणी जाणार कुठे? हवा न मिळाल्याने आधी मुळं गुदमरतात, मग सडवणारी बुरशी कंदात शिरते.

अशा वेळी झाड पूर्ण बाहेर काढायचं, सगळी माती झटकायची. हातमोजे घाला, रसाने कातडीला खाज सुटते. फुटलेला कंद फेकायचा. अर्धा सडलेला कंद स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापत जायचा. आतला गर पांढरट आणि कोरडा दिसला की थांबायचं. तपकिरी ठिपका उरला तर सड पुन्हा चढते. कापलेल्या जागी हळद लावा किंवा लावू नका, खरं काम सावलीतल्या दोन-तीन दिवसांच्या वाळण्याचं आहे. तेवढाही धीर नसणारे लोक ओली जखम तशीच मातीत पुरतात आणि मग नर्सरीवाल्याला शिव्या देतात.

उरलेल्या दोन-तीन कंदांना पाच इंची, खाली भोक असलेली कुंडी पुरते. मोठी कुंडी घेऊ नका. जिथे मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. एक भाग माती, एक भाग कोकोपीट आणि दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, असं मिश्रण ठेवा. आठवडाभर पाणी नाही. नवा कोंब फुटेपर्यंत खतही नाही, मग त्याला दोन महिने लागोत.

पुढे वार ठरवून पाणी घालणं सोडा. कुंडीच्या तळाच्या भोकातून काडी आत सारा. ती ओली निघाली तर पाणी नाही. उन्हाळ्यात काडी कोरडी निघायला साधारण पंधरा दिवस लागतील, पावसाळ्यात महिनाही जाऊ शकतो. काडीचा कंटाळा असेल तर कुंडी उचलून वजनावरून ओळखा.

तळाला खडीचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही. तळाची ओली माती तेवढीच राहते, फक्त मुळांच्या आणखी जवळ येते. पानांवर फवारा मारायची गरजच नाही.

एक उलटी शक्यताही आहे. दांड्यावर सुरकुत्या, माती दगडासारखी आणि कंद आक्रसलेला पण टणक असेल, तर झाड खरंच तहानलेलं आहे. तेव्हा भोकातून वाहेपर्यंत पाणी घाला आणि बशीतलं ओतून टाका. आणि सगळ्यात जुना एखादाच दांडा पिवळा असेल, बाकी घट्ट असतील, तर तो म्हातारपणाने गेला आहे. कापून टाका.

पिवळा दांडा पुन्हा हिरवा होत नाही. पण त्याच्या शेंड्याकडची पानं हिरवी, टणक असतील तर ती देठासकट तोडून ओलसर वाळूत अर्धा इंच खोचा. तळाशी वाटाण्याएवढा कंद धरायला काही महिने लागतात. दर आठ दिवसांनी उपटून बघणाऱ्यांच्या पानाला तो कधीच धरत नाही.