आईच्या गोळ्यांचा डबा भरताना या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक वारांचे कप्पे असलेला हा डबा उघडण्याआधीच होते. आपण घरातल्या सगळ्या स्ट्रिपा समोर मांडतो आणि भरायला लागतो. आधी यादी करा, आणि ब्रँडच्या नावाशेजारी स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं मूळ नाव लिहा.

समजा, आई प्रेशरसाठी टेल्मिसार्टन ४० घेते. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी वेगळ्या नावाची गोळी दिली, जिच्यात टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ एकत्र आहेत. रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून दोन्ही डब्यात जातात आणि टेल्मिसार्टन दुप्पट होतं. मग आईला उठताना गरगरतं आणि आपण म्हणतो, अशक्तपणा आलाय. मूळ नाव दोनदा दिसलं की त्या गोळ्या भरायचं थांबवून डॉक्टरांना फोन करा. जुनी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कधी कधी दोन्ही मुद्दाम दिलेल्या असतात.

दुसरी चूक म्हणजे सकाळचं सगळं एकाच कप्प्यात टाकणं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास तरी लांब हवी, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. डोस चुकत नसतानाही थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेलं आलं तर आधी वेळा तपासा. आमच्याकडे थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली उशाशीच असते आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणाच्या कप्प्यात.

स्ट्रिपचे तुकडे कापून डब्यात टाकू नका. नजर कमी झालेलं माणूस गोळी वेष्टनासकट गिळतं, आणि त्या धारदार कडांनी अन्ननलिकेला इजा होऊ शकते. पण प्रत्येक गोळी सोलून ठेवता येतेच असं नाही. फिट्सवरच्या सोडियम व्हॅलप्रोएटच्या साध्या गोळ्या दमट हवेत ओल्या होतात आणि रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल ओलाव्याने खराब होतात. अशांसाठी कप्प्यात ‘पाकिटातली घे’ अशी चिठ्ठी पुरते. भरण्याआधी केमिस्टला विचारून घ्या. लागेल तेव्हाच घ्यायच्या गोळ्याही डब्याबाहेर.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर जास्तच सावध राहा. ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार यादीत ठळक लिहा, पाकीट आपल्या ताब्यात ठेवा.

बुधवारचा कप्पा गुरुवारी भरलेला दिसला, तर त्या गोळ्या गुरुवारच्या गोळ्यांबरोबर देऊ नका. साखरेच्या गोळ्यांत तर मुळीच नको. कप्पा रिकामा असला तरी गोळी सोफ्याखाली नाही ना, तेही बघा.

आठवड्याच्या मध्येच डोस बदलला तर उरलेले सगळे कप्पे रिकामे करून नव्या यादीवरून परत भरा आणि जुनी स्ट्रिप त्याच दिवशी आईच्या खोलीतून हलवा.