मामांच्या मेसेजमधला 0.40

मामांचा मेसेज आला: "वाटणीला 0.40 आलंय, गुंठे किती होतील?" एकक लिहिलंच नव्हतं. मी एकर धरले आणि 40 ने गुणून 16 गुंठे कळवले. मामा हबकले, कारण बांधावरून जमीन दुपटीहून मोठी दिसत होती.

मग मी सातबाऱ्याचा फोटो मागवला. क्षेत्राच्या रकान्यात 'हे. आर. चौ.मी.' आणि खाली 0.40.00 होतं. म्हणजे 40 आर. एक आर 100 चौरस मीटर, गुंठा साधारण 101.17. म्हणून 4000 भागिले 101.17, म्हणजे सुमारे 39.5 गुंठे, एकराला थोडे कमी.

आता नुसता आकडा आला की मी आधी विचारतो, "मामा, सातबाऱ्यावर आकड्याच्या वर काय लिहिलंय?"