प्रॅक्टिकलच्या व्हिडिओवरून कृती लिहिताना या चुका टाळा

आमच्या इंदूरला गौरी जेवणाच्या दिवशी बारावीच्या लॅबमध्ये निम्मे स्टूल रिकामे असतात. मराठी घरातल्या मुली तर हमखास नसतात आणि ते साहजिकच आहे. त्या दिवशीचं डेमॉन्स्ट्रेशन मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवते आणि नंतर त्यावरून एका पानाची कृती लिहून देते, कारण अडतीस मिनिटांचा व्हिडिओ ब्युरेटसमोर उभं राहून कोणी पाहत नाही. पान मात्र बघत बघत काम करता येतं. म्हणूनच पानावरची चूक थेट फ्लास्कमध्ये उतरते.

इथे एकच प्रयोग घेते, ऑक्झॅलिक ॲसिडच्या मदतीने पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढणं. परमँगनेट म्हणजे आपल्याकडे विहिरीत टाकायचे ती लाल दवा. फ्लास्कमध्ये 10 मिली M/20 ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात विरल सल्फ्यूरिक ॲसिड, आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब. ऑक्झॅलिक ॲसिड शिल्लक आहे तोवर रंग उडतो. ते संपलं की पुढचा थेंब फिका गुलाबी रंग ठेवून जातो. वेगळा इंडिकेटर लागत नाही.

पॉज केलेला वेळ पानावरून गळतो

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. फ्लास्क तापायला चारेक मिनिटं लागतात, तेवढ्यात मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं. व्हिडिओत 11:40 ला मी फ्लास्क वायर गॉझवर ठेवते आणि 11:52 ला तोच फ्लास्क ब्युरेटखाली असतो. आठ दिवसांनी पान लिहायला बसले तेव्हा ती बारा सेकंदं माझ्या नजरेतून सुटली. पानावर आलं ते असं: "ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये विरल सल्फ्यूरिक ॲसिड घाला व गुलाबी रंग येईपर्यंत परमँगनेट टाका."

पुढच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी आनंदाने सांगत आली, "मॅडम, पहिल्याच दोन-चार थेंबांत एंड पॉइंट आला!" तिच्या वहीत रीडिंग होतं 0.2 मिली. शेजारचीने थांबायचं सोडून ब्युरेट सोडून दिली होती, तिच्या फ्लास्कमध्ये चहाच्या गाळासारखं तपकिरी काहीतरी तरंगत होतं. दोघींनी पान अक्षरशः पाळलं होतं.

झालं असं की थंड द्रावणात ही अभिक्रिया फार हळू सुरू होते. पहिला थेंब पडतो आणि रंग तसाच राहतो, तो काही एंड पॉइंट नव्हे. द्रावण 60 अंशांच्या आसपास असेल तरी पहिल्या थेंबाचा रंग जायला थोडा वेळ लागतोच. तो गेला की मँगनीजचे Mn²⁺ आयन तयार होतात आणि तेच आयन पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. म्हणून सुरुवातीला थांबावं लागतं, मग भराभर रंग उडत जातो. न थांबता ओतत गेलं, किंवा सल्फ्यूरिक ॲसिड कमी पडलं, तर परमँगनेट अर्ध्यावर अडकून मँगनीज डायऑक्साइड बनतं. तपकिरी गाळ तो हाच. गाळ आलेला फ्लास्क ओतून द्यायचा आणि नव्याने सुरू करायचं, त्या रीडिंगचा काही उपयोग नसतो.

0.2 हे रीडिंग चूक आहे हे गणितानेही कळतं. समीकरण असं आहे:

```
2KMnO4 + 5H2C2O4 + 3H2SO4 → K2SO4 + 2MnSO4 + 10CO2 + 8H2O
```

म्हणजे परमँगनेटची तीव्रता = (2 × 0.05 × 10) ÷ (5 × रीडिंग). रीडिंग 0.2 धरलं तर उत्तर येतं 1 M, म्हणजे लिटरभर पाण्यात 158 ग्रॅम. नेहमीच्या तापमानाला परमँगनेट लिटरमागे साधारण 65 ते 75 ग्रॅमच विरघळतं. तेव्हा असं द्रावण बाटलीत असूच शकत नाही. आमच्या डेमोत रीडिंग 9.8 मिली आलं होतं, त्यावरून तीव्रता 0.0204 M निघते. बाटलीवर M/50 लिहिलेलं असताना हे उत्तर पटण्यासारखं आहे.

आता मी पॉजच्या जागा आधी शोधते. व्हिडिओ खुणा सोडतो. 11:52 ला माझ्या हातात फडकं आहे आणि फ्लास्कच्या मानेवर वाफेचं दव दिसतं. हातात अचानक फडकं किंवा चिमटा आला, घड्याळ पुढे सरकलं, आधी भरलेली बाटली रिकामी दिसली, की मध्ये काही तरी कापलं गेलंय. ज्यांनी डेमो दिला त्यांना विचारून ती पायरी भरायची, अंदाजाने नाही.

"नाही नाही, थांबा" आधीचं वाक्य उचलणं

शिकवताना आपण बोलतो आणि लगेच दुरुस्त करतो. त्याच व्हिडिओत 6:15 ला मी सवयीने म्हणते, "मेनिस्कसचा खालचा भाग वाचा," आणि 14:20 ला परमँगनेट वाचताना म्हणते, "नाही नाही, हे गडद आहे, वरची कड वाचा." दोन्ही वाक्यं पानावर आली तर मूल गोंधळतं, आणि फक्त पहिलं आलं तर सगळी रीडिंग चुकतात. रंगहीन द्रावणात खालचा भाग, परमँगनेटमध्ये वरची कड, कारण गडद जांभळ्यात खालची कड दिसतच नाही. म्हणून एकाच गोष्टीबद्दल व्हिडिओत जिथे जिथे बोललंय ते सगळं ऐकून झाल्याशिवाय त्या गोष्टीवर वाक्य लिहू नये. मी तर पायरीसमोर मिनिट-सेकंद लिहूनच ठेवते, शंका आली की मुलांना तेवढाच तुकडा बघता येतो.

कॅमेऱ्याने पाहिलेलं रीडिंग

व्हिडिओ थांबवून, झूम करून ब्युरेट वाचण्याचा मोह होतो. वाचू नका. मोबाइल स्टँडवर होता, म्हणजे ब्युरेटच्या पातळीपेक्षा बराच खाली. खालून पाहिलं की द्रावणाची पातळी पट्टीवर आहे त्याहून खाली दिसते. ब्युरेटवर आकडे वरून खाली वाढतात, त्यामुळे रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त भरतं. फळ्यावर लिहिलेला किंवा तोंडाने सांगितलेला आकडाच घ्यायचा.

रंगाचंही तेच. कॅमेरा उजेड आपोआप बदलतो, त्यामुळे फिका गुलाबी रंग कधी पांढरा तर कधी चांगला गडद दिसतो. "व्हिडिओत दिसतो तसा गुलाबी" असं लिहू नये. असं लिहावं: फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा, हलवल्यावरही तीसेक सेकंद टिकणारा पहिला फिका गुलाबी रंग म्हणजे एंड पॉइंट, गडद झाला तर थेंब जास्त पडले.

"ॲसिड घाला" आणि "धुऊन घ्या"

व्हिडिओत मी फक्त "ॲसिड" म्हणते कारण समोर बाटली दिसत असते. पानावर बाटली नसते. विरल सल्फ्यूरिक ॲसिड असं पूर्ण नाव लिहायचं. हायड्रोक्लोरिक ॲसिड चालत नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं. नायट्रिक ॲसिड स्वतःच ऑक्सिडीकरण करतं.

"धुऊन घ्या"ही तसंच अर्धवट. ब्युरेट शेवटी परमँगनेटनेच खंगाळायची, पिपेट ऑक्झॅलिक ॲसिडने, पण फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडने खंगाळला तर मोजलेल्या 10 मिलीपेक्षा जास्त आत राहतं आणि रीडिंग वाढतं.

काळजी शेवटी, एका चौकटीत

"गॉगल घाला, सावध राहा, शिक्षकांना विचारा" अशी चौकट पानाच्या तळाशी असली की कोणी वाचत नाही. काम हातात असताना मूल तिथवर पोचलेलंच नसतं. धोका ज्या पायरीत आहे त्या पायरीच्या आधी काळजी लिहायला हवी, आणि काय होईल तेही सांगायला हवं. माझ्या पानातला हा तुकडा आता असा आहे:

3. पिपेटने 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड घ्या. *आधी हे: ते विषारी आहे. तोंडाने ओढू नका, रबरी बल्ब वापरा.* (8:30)

4. आधीच तयार असलेलं विरल सल्फ्यूरिक ॲसिड अर्धी टेस्ट ट्यूब घाला. *तीव्र ॲसिडची बाटली उघडायची नाही. विरल करायचं काम शिक्षकांचं, आणि तेही पाण्यात ॲसिड हळूहळू घालून. उलट केलं तर उकळून अंगावर उडतं.* (10:05)

5. फ्लास्क 60 अंशांपर्यंत तापवा, थर्मामीटरने बघा, उकळू देऊ नका. फार तापलं तर ऑक्झॅलिक ॲसिडच विघटित होतं. *फ्लास्क फडक्याने मानेशी धरा.* (11:40, इथे व्हिडिओ चारेक मिनिटं थांबवलेला आहे)

6. परमँगनेटचा पहिला थेंब टाका, हलवा, रंग जाईपर्यंत थांबा. मगच पुढे. मध्ये फ्लास्क गार झाला तर पुन्हा तापवा. (12:10)

अंगावर ॲसिड उडालं तर लगेच वाहत्या नळाखाली भरपूर पाणी, मग शिक्षकांना हाक, हे मी पायरी 4 च्या खालीच लिहिते. व्हिडिओत न बोललेली एक काळजीही घालते: परमँगनेटचे कोरडे स्फटिक आणि तीव्र सल्फ्यूरिक ॲसिड कधीही एकत्र आणायचे नाहीत, त्यातून स्फोटक पदार्थ बनतो. ती मात्र "व्हिडिओत नाही, मी घातलेली" अशी खूण करून, म्हणजे मुलं ती शोधत बसत नाहीत.

डेमोचं 9.8 हे रीडिंग मी आता पानावर देत नाही. दिलं की सगळ्या वह्यांत 9.8 उतरतं. निरीक्षणाचा तक्ता रिकामा असतो, खाली एवढंच: लागोपाठ दोन रीडिंग 0.1 मिलीच्या आत जुळेपर्यंत करा. त्या मुलीने पुढच्या आठवड्यात द्रावण तापवून पुन्हा केलं. तिची रीडिंग आली 9.9, 9.7, 9.7.